पानभर अर्ज, दहा ओळींचा ईमेल : गैरसमज आणि वस्तुस्थिती

नोकरीचा अर्ज ईमेलने पाठवताना दोन गोष्टी पाठवल्या जातात. एक म्हणजे जोडलेला बायोडेटा आणि दुसरी म्हणजे ईमेलचा मजकूर. हा मजकूर बहुधा शाळेत शिकवलेल्या पानभर अर्जावरून उतरवलेला असतो. अर्ज घेणारा तो मोबाईलवर उघडतो आणि पहिल्या दोन-चार ओळींवरून बायोडेटा उघडायचा की नाही हे ठरवतो. म्हणून पानभर अर्जाचा ईमेल करताना, त्या निर्णयाला लागणारी माहितीच मजकुरात ठेवावी लागते. या कामाबद्दलचे काही गैरसमज पुढे एका नमुन्याच्या आधारे तपासले आहेत.

नमुना असा. श्रीवर्धन तालुक्यातील दिवेआगरची एक पदवीधर तरुणी अलिबागच्या एका रिसॉर्टमध्ये फ्रंट ऑफिस सहायक या पदासाठी अर्ज करते. दिवेआगरला तिच्या घरच्यांचा सहा खोल्यांचा घरगुती निवास आहे आणि गेले तीन हंगाम तिथले आरक्षण ती पाहते. जाहिरातीत तीन गोष्टी मागितल्या आहेत : ऑनलाइन बुकिंगची माहिती, मराठी, हिंदी आणि इंग्रजी बोलता येणे, लवकर रुजू होण्याची तयारी. तिने लिहिलेला अर्ज सुमारे साडेतीनशे शब्दांचा आहे.

गैरसमज : अर्जाचा प्रत्येक परिच्छेद थोडा थोडा कमी केला की ईमेल तयार होतो.

वस्तुस्थिती : असे केल्याने सगळेच परिच्छेद अपुरे होतात आणि महत्त्वाचे वाक्य त्यांत हरवते. काही भाग पूर्ण काढायचे असतात, एक-दोन भाग जवळजवळ तसेच ठेवायचे असतात.

नमुन्यातील अर्जाची सुरुवात ‘प्रति’, रिसॉर्टचा पत्ता, अर्जदाराचा पत्ता आणि दिनांक यांनी होते. कागदावर हे लागते, कारण पाकीट फोडून फेकल्यावर कागद एकटाच उरतो. ईमेलमध्ये पाठवणारा, घेणारा, तारीख आणि वेळ आपोआप नोंदली जाते. हा भाग पूर्ण गळतो. ‘विषय’ मजकुरात न लिहिता ईमेलच्या विषयाच्या रकान्यात जातो.

पुढचा परिच्छेद शिक्षणाचा. शाळा, महाविद्यालय, वर्षे आणि टक्केवारी बायोडेट्यात आहेत, जाहिरातीने शिक्षणाची विशेष अट घातलेली नाही, म्हणून तोही जातो. त्यानंतर दिवेआगरचे वर्णन आहे : लांबलचक किनारा, सुपारीच्या वाड्या, १९९७ साली वाडीत सापडलेला सुवर्ण गणेश. माहिती खरी आहे, परंतु ती गावाबद्दल आहे, उमेदवाराबद्दल नाही. उरतो अनुभवाचा परिच्छेद. तो मात्र कमी न करता अधिक नेमका करायचा असतो.

गैरसमज : ‘वरील विषयास अनुसरून सविनय अर्ज करते की’ ही सुरुवात वगळणे उद्धटपणाचे आहे.

वस्तुस्थिती : मोबाईलच्या ईमेल यादीत प्रत्येक ईमेलचे तीन तुकडे दिसतात : पाठवणाऱ्याचे नाव, विषयाचा सुरुवातीचा भाग आणि मजकुराची पहिली ओळ. विषय लांब असेल तर उरलेला कापला जातो. मजकुराची पहिली ओळ ‘वरील विषयास अनुसरून’ अशी असली तर यादीतली ती जागा काहीच न सांगता संपते, आणि त्याच दिवशी आलेल्या इतर अर्जांतही तेच शब्द दिसतात.

आदर दाखवायला ‘नमस्कार’ किंवा ‘महोदय’ हे संबोधन, जाहिरातीचा नीट उल्लेख आणि शेवटी नाव एवढे पुरते. ‘आपली कृपाभिलाषी’, ‘संधी दिल्यास तिचे सोने करीन’, ‘तसदीबद्दल क्षमस्व’ ही वाक्ये काढल्याने नम्रता कमी होत नाही. अर्ज घेणाऱ्याचा वेळ वाचवणे हाही शिष्टाचारच आहे.

विषयाच्या रकान्यात पदाचे नाव सर्वांत आधी यावे. ‘नोकरीसाठी अर्ज’ असा विषय असेल तर अनेक पदांची जाहिरात दिलेल्या ठिकाणी तो कोणाकडे पाठवायचा हे कळत नाही. अर्ज पाठवल्यावर फोन आला आणि पहिला प्रश्न ‘कोणत्या पोस्टसाठी?’ असा असला, तर विषय चुकला होता असे समजावे.

गैरसमज : घरच्या व्यवसायातला अनुभव हा अनुभव धरला जात नाही, म्हणून त्याऐवजी गुण लिहावेत.

वस्तुस्थिती : किनाऱ्यावरच्या गावांत हा गैरसमज सर्वांत जास्त नुकसान करतो. नमुन्यातील अर्जात ‘मी प्रामाणिक, मेहनती, वक्तशीर आणि मनमिळाऊ आहे’ अशी चार ओळींची भर आहे, आणि निवासाचा उल्लेख ‘घरच्या व्यवसायाला हातभार लावते’ एवढ्यावरच आटोपला आहे. वास्तविक फ्रंट ऑफिसचे काम ती रोज करते. फोनवरचे आणि दोन संकेतस्थळांवरचे आरक्षण ती एकाच नोंदवहीत जुळवते, आगाऊ रक्कम जमा झाली का पाहते, पाहुण्यांची ओळखपत्रे नोंदवते आणि शनिवार-रविवारी एकच खोली दोघांना दिली जाणार नाही याची काळजी घेते.

गुणवाचक शब्द कोणीही लिहू शकतो. काम, प्रमाण आणि कालावधी मात्र त्या उमेदवाराचेच असतात. एक सोपी कसोटी आहे. प्रत्येक वाक्य वाचून विचारावे : हे वाक्य दुसऱ्या एखाद्या उमेदवाराने जसेच्या तसे आपल्या अर्जात घातले तर चालेल का? चालत असेल तर ते काढावे. ‘मेहनती आहे’ या कसोटीवर गळते. ‘सहा खोल्यांचे आरक्षण तीन हंगाम सांभाळले’ टिकते.

घरच्या कामाचे प्रमाण वाढवून मात्र लिहू नये. सहा खोल्यांच्या निवासात काम करणाऱ्याने स्वतःला ‘हॉटेल मॅनेजर’ म्हटले, तर मुलाखतीतल्या दुसऱ्या प्रश्नालाच ते उघडे पडते. सहा खोल्या हे छोटे प्रमाण आहे, पण खरे असल्याने त्यावर विश्वास बसतो.

गैरसमज : अडचण सविस्तर सांगितली तर सहानुभूती मिळते.

वस्तुस्थिती : ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्याला धडकले. श्रीवर्धन आणि दिवेआगर परिसरातल्या नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या, घरांची छपरे उडाली. अनेक कुटुंबांचे शिक्षण आणि व्यवसाय त्यामुळे खंडित झाले. नमुन्यातील अर्जात यावर आठ ओळी आहेत. हे नुकसान खरे आणि मोठे आहे, पण अर्ज घेणाऱ्याला त्यातून पदासाठीची पात्रता कळत नाही.

बायोडेट्यात एखाद्या वर्षाचा खंड दिसत असेल, तर तिथेच एक ओळ पुरते : ‘२०२० : निसर्ग चक्रीवादळानंतर घराची आणि निवासाची दुरुस्ती’. ईमेलमध्ये खंडाचा उल्लेख लागत नाही. मुलाखतीत विचारले तर तपशील सांगता येतो. वडिलांचा व्यवसाय, वैवाहिक स्थिती, जात, जन्मतारीख हेही जाहिरातीत मागितले नसेल तर मजकुरात नको.

गैरसमज : बायोडेटा जोडला की मजकूर रिकामा ठेवला तरी चालतो.

वस्तुस्थिती : ‘सोबत बायोडेटा जोडला आहे’ एवढेच लिहिलेला ईमेल हे दुसरे टोक आहे. अर्ज घेणाऱ्याला फाईल उघडण्याचे कारणच मिळत नाही, आणि ईमेल पुढे दुसऱ्या अधिकाऱ्याकडे पाठवला गेला तर त्यालाही काही कळत नाही. मजकूर थोडक्यात असावा, पण स्वतःपुरता पूर्ण असावा : पद कोणते, जाहिरातीतल्या मागणीला पुरावा कोणता, रुजू कधी होता येईल आणि फोन कोणता.

नमुन्यातील अर्जाचा ईमेल असा होतो :

> विषय : फ्रंट ऑफिस सहायक – अर्ज – ३ हंगामांचा अनुभव
>
> नमस्कार,
>
> अलिबाग येथील आपल्या रिसॉर्टच्या जाहिरातीतील फ्रंट ऑफिस सहायक पदासाठी अर्ज करत आहे. दिवेआगरच्या आमच्या सहा खोल्यांच्या घरगुती निवासाचे आरक्षण आणि पाहुण्यांचे स्वागत गेले तीन हंगाम मी सांभाळते.
>
> दोन बुकिंग संकेतस्थळांवरच्या आणि फोनवरच्या नोंदी रोज जुळवणे, आगाऊ रकमेचा हिशेब ठेवणे आणि ओळखपत्रे नोंदवणे ही माझी नेहमीची कामे आहेत. पाहुण्यांशी मराठी, हिंदी आणि इंग्रजीत बोलते.
>
> १ जूनपासून रुजू होऊ शकते. अलिबागमध्ये राहण्याची सोय आहे. बायोडेटा सोबत जोडला आहे.
>
> (पूर्ण नाव)
> (मोबाईल क्रमांक)

शंभर शब्दांच्या आतल्या या मजकुरात जाहिरातीतल्या तिन्ही मागण्यांना उत्तर आहे. राहण्याच्या सोयीचे वाक्य मूळ अर्जात नव्हते, ते नव्याने आले आहे. दिवेआगरहून अलिबागला रोज ये-जा करणे शक्य नाही हे त्या भागातला मालक जाणतो. त्याच्या मनात येणारी शंका आधीच मिटवणारे वाक्य हे चार ओळींच्या गुणवर्णनापेक्षा उपयोगी असते. छोटे करणे म्हणजे फक्त वगळणे नव्हे, हे इथे दिसते.

गैरसमज : संगणकावर टाइप केलेला अर्ज जसाच्या तसा ईमेलमध्ये चिकटवता येतो.

वस्तुस्थिती : मराठीत असे चिकटवण्याला एक वेगळीच अडचण आहे. टायपिंग सेंटरमध्ये किंवा जुन्या संगणकावर श्रीलिपी, कृतिदेव यांसारख्या जुन्या फाँटमध्ये टाइप केलेला मजकूर युनिकोडमध्ये नसतो. तो त्या संगणकावर मराठी दिसतो, पण ईमेलमध्ये चिकटवल्यावर घेणाऱ्याला निरर्थक रोमन अक्षरे आणि चिन्हे दिसतात. मोबाईलचा मराठी कीबोर्ड युनिकोड वापरतो, त्यामुळे छोटा ईमेल थेट मोबाईलवर टाइप करणे सर्वांत सुरक्षित. मजकूर युनिकोडमध्ये असला तरी वर्डमधून चिकटवताना अक्षरांचे आकार आणि रंग सोबत येतात. संगणकावर क्रोम ब्राउझरमध्ये `Ctrl+Shift+V` दाबून चिकटवल्यास केवळ मजकूर येतो.

बायोडेटा पीडीएफमध्ये द्यावा, म्हणजे फाँटची अडचण येत नाही. फाईलचे नाव `Document1.pdf` असे ठेवू नये, त्यात उमेदवाराचे नाव आणि पद असावे. पाठवण्यापूर्वी ईमेल ओळखीच्या कोणाच्या तरी पत्त्यावर पाठवून त्यांच्या मोबाईलवर उघडून पाहावा. पदाचे नाव यादीतच दिसते का, अक्षरे नीट उमटतात का, फाईल खरोखर जोडली गेली आहे का, या तीन गोष्टी तिथे लगेच कळतात.

या पद्धतीची मर्यादा

हे सर्व खासगी नोकरीच्या ईमेलला लागू आहे. सरकारी भरतीत अर्जाचा नमुना आधीच ठरवून दिलेला असतो आणि तो तसाच भरावा लागतो. तिथे काटछाट केल्यास अर्ज अपूर्ण ठरतो. खासगी जाहिरातीत ‘स्वतंत्र अर्जपत्र जोडावे’ अशी सूचना असेल, तर पानभर अर्ज पीडीएफ करून बायोडेट्यासोबत जोडावा आणि मजकुरात वरचा छोटा ईमेलच ठेवावा. जाहिरात इंग्रजीत असेल तर ईमेलही इंग्रजीत लिहावा. भाषा बदलली तरी मजकुरात काय ठेवायचे ते बदलत नाही : पद, पुरावा, रुजू होण्याची तारीख आणि फोन. यांतले एकही न सांगणारे आणि अर्ज घेणाऱ्याची शंकाही न मिटवणारे वाक्य ईमेलमध्ये ठेवू नये.