जुना पगार, नवी फी

अमेरिकेत कॉलेजसाठी सरकारी आर्थिक मदत हवी असेल तर फाफ्सा नावाचा अर्ज भरावा लागतो. त्यात उत्पन्न विचारतात ते दोन वर्षांपूर्वीचं. २०२६-२७ या शैक्षणिक वर्षासाठी २०२४ सालचं कर-विवरण पाहतात. त्या आकड्यांवरून कुटुंबाची ऐपत दाखवणारा एक निर्देशांक काढतात आणि मदत त्यावर ठरते. मधल्या काळात वडिलांची नोकरी गेली, तर अर्जाला त्याचा पत्ताच नसतो.

अशा वेळी काही पालक फाफ्सा उघडून उत्पन्नाचा आकडा स्वतःच खाली आणतात. तसं अजिबात करू नये. अर्जात २०२४ चं उत्पन्न विचारलंय, ते तेच राहणार. आजची परिस्थिती कळवायची ती कॉलेजच्या आर्थिक साहाय्य कार्यालयाला. तिथल्या अधिकाऱ्याला कायद्याने अधिकार दिला आहे, की योग्य पुरावा असेल तर एखाद्या विद्यार्थ्याच्या हिशेबातले आकडे बदलून निर्देशांक नव्याने काढावा. याला तिथे ‘प्रोफेशनल जजमेंट’ म्हणतात, आणि मेलच्या विषयाच्या ओळीत हेच दोन शब्द लिहावेत. शेजारी विद्यार्थ्याचं नाव, कॉलेजचा आयडी क्रमांक आणि शैक्षणिक वर्ष. मेल विद्यार्थ्याने स्वतःच्या कॉलेजच्या खात्यावरून पाठवलेला बरा, कारण फाईल त्याच्या नावाची असते.

आता मजकूर. समजा, न्यू जर्सीतलं एक मराठी कुटुंब आहे. मुलगी तिथेच जन्मलेली, म्हणजे नागरिक. त्यामुळे सरकारी मदतीला पात्र. (भारतातून स्टुडंट व्हिसावर गेलेल्यांना हा मार्ग नाही.) २०२४ मध्ये वडिलांचा पगार ९६,००० डॉलर आणि आईचा ३८,०००, मिळून १,३४,०००. जानेवारी २०२६ अखेर वडिलांना कंपनीने काढलं. मुलीने लिहायचं ते साधारण असं:

“माझ्या वडिलांची नोकरी ३० जानेवारी २०२६ रोजी गेली. फाफ्सामध्ये आमचं २०२४ चं १,३४,००० डॉलर उत्पन्न आहे. २०२६ मध्ये ते ८२,८०० डॉलर होईल असा अंदाज आहे: वडिलांचा जानेवारीचा पगार ८,०००, कंपनीने निरोप देताना दिलेले १६,०००, बेकारी भत्ता आठवड्याला ८०० प्रमाणे २६ आठवड्यांचे २०,८०० आणि आईचा पगार ३८,०००. माझ्या मदतीचा फेरविचार व्हावा ही विनंती. आपला यासाठी फॉर्म असल्यास कृपया पाठवावा. कागदपत्रं तयार आहेत.”

एवढंच. या मेलमध्ये बेकारी भत्ता आणि निरोपाची रक्कम लपवलेली नाही, हे मला महत्त्वाचं वाटतं. दोन्ही करपात्र उत्पन्न आहेत आणि कागदपत्रांत दिसणारच आहेत. ‘उत्पन्न शून्य झालं’ असं लिहून नंतर हे पैसे सापडले, की बाकीच्या आकड्यांवरचाही विश्वास उडतो.

पुरावा म्हणून कंपनीचं नोकरी संपल्याचं पत्र, शेवटची पगारपावती, भत्ता मंजूर झाल्याचं पत्र आणि आईच्या अलीकडच्या पावत्या लागतात. त्यांवर सोशल सिक्युरिटी क्रमांक असू शकतो, म्हणून ती मेलला जोडण्याऐवजी कॉलेजच्या सुरक्षित पोर्टलवर चढवावीत. आणि कॉलेजने ‘व्हेरिफिकेशन’साठी, म्हणजे फाफ्साच्या पडताळणीसाठी, आधीच काही मागितलं असेल तर ते पहिल्यांदा पूर्ण करावं. ते अडकलं की फेरविचारही अडकतो. कित्येक अर्ज ‘उत्तरच येत नाही’ म्हणून पडून राहतात, ते इथे.

कारण कोणतं चालतं? नोकरी जाणं, पगार कमी होणं, पालकाचा मृत्यू किंवा घटस्फोट, विम्याने न भरलेला मोठा वैद्यकीय खर्च. क्रेडिट कार्डाचं देणं, गाडीचा हप्ता किंवा सुट्टीतला प्रवास यांसाठी सहसा कोणी आकडे बदलत नाही. ‘दुसरं कॉलेज जास्त देतंय’ हा मुद्दाही या मेलमध्ये घालू नये. तो घासाघिशीचा विषय झाला. दोन्ही एकत्र आले की खरी अडचणही सौदेबाजीसारखी वाटू लागते.

अपेक्षा मात्र बेताची ठेवावी. अधिकारी निर्देशांकाचं सूत्र बदलू शकत नाही, फक्त त्यात जाणारे आकडे बदलतो. निर्देशांक उतरला तरी कॉलेजकडचा अनुदानाचा पैसा वाटून संपलेला असू शकतो. मग हाती येतं ते बहुधा शिकत असेपर्यंत सरकारने व्याज भरायचं कर्ज, आणि तेही पहिल्या वर्षी जास्तीत जास्त ३,५०० डॉलर. म्हणून नोकरी गेल्याचं पत्र हाती आलं की लवकर लिहावं. फीची मुदत जवळ येईपर्यंत थांबू नये.

नकार आला तर शिक्षण खात्याकडे दाद मागता येत नाही. कॉलेजचा निर्णय अंतिम असतो. तो त्या कॉलेजपुरताच असतो, हेही ध्यानात ठेवा. मुलीला तीन कॉलेजांत प्रवेश मिळाला असेल, तर तिन्हीकडे वेगळं लिहावं लागेल.