केलेल्या कामाचे श्रेय दुसऱ्याच्या नावावर गेले तर

एकाचे काम दुसऱ्याच्या नावावर खपते, त्यामागे दरवेळी लबाडीच असते असे नाही. १९७९ साली मायकेल रॉस आणि फिओर सिकोली या मानसशास्त्रज्ञांनी नवरा-बायकोंना घरकामातला आपापला वाटा विचारला, तेव्हा बहुतेक जोडप्यांच्या उत्तरांची बेरीज शंभर टक्क्यांच्या वर गेली. स्वतःचे कष्ट जितके आठवतात तितके दुसऱ्याचे आठवत नाहीत. म्हणून सहकाऱ्याशी बोलताना त्याच्या हेतूवर बोट न ठेवता घडले तेवढेच सांगावे.

समजा, सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यातल्या क्वालिटी विभागाच्या कर्मचारी महिलेने तीन महिन्यांचे रिजेक्शन तपासले. निम्मे खराब नग एकाच मशीनवर, रात्रपाळीत, टूल उशिरा बदलल्यामुळे निघतात हे तिला सापडले. शीट तिने प्रॉडक्शनमधल्या सहकाऱ्याला पाठवली आणि सोमवारच्या आढावा बैठकीत त्याने ती स्वतःची म्हणून मांडली.

तिथेच 'हे माझे आहे' म्हटले की साहेबांच्या लक्षात भांडण राहते, काम राहत नाही. त्यापेक्षा तिने पुढचा तपशील जोडावा: 'हे आकडे काढताना मला आणखी एक दिसलं, टूल बदलल्याची नोंद दोन पाळ्यांत वेगवेगळी होते.' ज्याने काम केले त्यालाच असा तपशील माहीत असतो आणि ऐकणाऱ्यांना ते कळते.

खरे बोलणे त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी, दोघांतच व्हावे. कँटीनमध्ये चारचौघांत नको. 'सकाळी तुम्ही शीट मांडलीत, पण ती कोणी केली हे आलं नाही. मला ते खटकलं. पुढच्या वेळी तो भाग मी मांडते, चालेल ना?' एवढे पुरते. 'तुमचं नेहमीचंच आहे' हे वाक्य तोंडातून गेले की समोरचा फक्त बचाव करतो. 'अगं, लक्षातच आलं नाही' असे उत्तर आले तर ते खरे की खोटे याचा कीस पाडू नये. मागणीला होकार मिळाला की नाही, हे मात्र पाहावे.

पुढची शीट बैठकीआधीच साहेब आणि सहकारी दोघांना एकाच मेलने जावी, वर दोन ओळींत निष्कर्ष लिहून. मागच्या तक्रारीचा मेल साहेबांना सीसीत टाकणे मात्र टाळावे. तेवढ्याने संबंध कायमचे बिघडतात.

होकार देऊनही तेच पुन्हा घडले, तर चूकभूल समजण्याचे कारण उरत नाही. मग साहेबांकडे जाणे रास्त आहे. तिथेही गाऱ्हाण्यापेक्षा 'कोणी काय मांडायचं हे आधी ठरवू या' ही मागणी जास्त चालते.

साहेबच टीमचे काम वर आपल्या नावाने मांडत असतील, तर हा उपाय तोकडा पडतो. तेव्हा निदान अप्रेझलच्या फॉर्ममध्ये काम, तारीख आणि त्यातून कमी झालेले रिजेक्शन स्वतःच्या नावासमोर लिहावे. ही नोंद ज्या त्या आठवड्यातच करून ठेवावी. मार्चमध्ये आठवून लिहिताना निम्मे सुटून जाते.