चिमुकल्या शरीरात रक्त किती, किती वेगाने?

बारा किलोचं दोन वर्षांचं मूल. हिमोग्लोबिन ४, चेहरा पांढराफटक. रक्त चढवायचं ठरतं, पण पिशवीतलं सगळं नाही. तांबड्या पेशींचं, म्हणजे पॅक्ड सेल्सचं, माप वजनावर ठरतं: साधारणपणे किलोमागे १० मिलि, म्हणजे इथे १२० मिलि. रक्तस्राव सुरू नसेल, तर तेवढ्याने हिमोग्लोबिन दोन-तीन अंकांनी वाढून सहा-सातवर येतं. पहिल्या खेपेला तेवढं पुरतं.

बाहेर बसलेल्या आईला थेंब फारच सावकाश पडताहेत असं वाटतं. तिची घालमेल रास्तच, पण संथपणा मुद्दाम असतो.

महिनोन्‌महिने रक्त कमी असलेल्या मुलाचं हृदय आधीच जोरात धावत असतं. त्यावर एकदम पाणलोट आला, तर फुप्फुसांत पाणी साचतं. म्हणून १२० मिलि चार तासांत, म्हणजे ताशी सुमारे ३० मिलि. हृदय थकलेलं असेल तर मात्राही कमी करतात. मात्र चार तासांपलीकडे पिशवी लटकत ठेवत नाहीत. बाहेरच्या उष्णतेत जंतू वाढू शकतात.

पहिली पंधरा मिनिटं परिचारिका खाटेपाशीच थांबते. खोकला, धाप, थंडी वाजणं, अंगावर गांध्या यांपैकी काहीही दिसलं, तर पालकांनी लगेच हाक मारावी. रक्त तिथेच थांबवलं जातं.