दुसरी हार्ड डिस्क जोडली, पण दिसत का नाही?

डेस्कटॉपमधली जागा भरली की अनेकजण दुसरी हार्ड डिस्क आणतात, घरीच बसवतात आणि संगणक सुरू करतात. This PC मध्ये ती दिसत नाही, म्हणून डिस्क खराब निघाली असे समजून दुकान गाठतात. बहुतेक वेळा डिस्क ठणठणीत असते. कोरी डिस्क तिथे आपोआप दिसत नाही. तिला आधी वीज मिळावी लागते, मग मदरबोर्डने ती ओळखावी लागते आणि शेवटी विंडोजमध्ये तिच्यावर जागा आखावी लागते. गाडी यांपैकी कुठे अडली हे कळले की दुरुस्ती सोपी होते.

एक नेहमीचे उदाहरण घेऊ. संगणकात ५०० जीबीची एसएसडी आहे, तिच्यावर विंडोज आहे. फोटो आणि व्हिडिओ ठेवायला ४ टीबीची साडेतीन इंची साटा हार्ड डिस्क जोडायची आहे.

संगणक बंद करून पिन काढा आणि पॉवरचे बटण काही सेकंद दाबून धरा, म्हणजे आत उरलेली वीज निघून जाते. कॅबिनेटची बाजूची पत्री उघडल्यावर आतल्या उघड्या धातूला हात लावा. अंगावरची स्थिर वीज उतरते.

डिस्क आधी तिच्या खणात बसवा. साडेतीन इंची डिस्कचे स्क्रू जाड आट्यांचे असतात, अडीच इंची एसएसडीचे बारीक आट्यांचे. त्यांची अदलाबदल केली तर आटे मरतात. हार्ड डिस्कच्या आतली तबकडी सतत फिरत असते, त्यामुळे ती दोन्ही बाजूंनी घट्ट बसायला हवी. सैल डिस्क घरघरते आणि कंपनांमुळे तिचे वाचन-लेखन मंदावू शकते. शेजारचा खण मोकळा ठेवता आला तर हवा खेळती राहते.

आता दोन केबली. साटाची अरुंद केबल डेटाची, ती मदरबोर्डला जाते. रुंद केबल विजेची, ती एसएमपीएसमधून येते. दोन्हींच्या तोंडात इंग्रजी एल अक्षरासारखी खाच असते, त्यामुळे त्या एकाच बाजूने बसतात. जोर लावू नका. काही एसएमपीएसच्या केबली सुट्या असतात. अशा वेळी फक्त त्याच एसएमपीएससोबत आलेली केबल वापरा. डिस्ककडचे टोक सगळीकडे सारखे असते, पण एसएमपीएसकडच्या टोकाची जोडणी कंपनीगणिक, कधी मॉडेलगणिक बदलते. चुकीच्या केबलीतून ५ व्होल्टच्या जागी १२ व्होल्ट गेले तर डिस्क तत्क्षणी जळते.

संगणक सुरू करून थेट बायोसमध्ये जा. त्यासाठी सुरू होताना बहुधा Del किंवा F2 दाबावे लागते. साटाच्या यादीत डिस्कचे नाव दिसले, तर वीज आणि केबल दोन्ही ठीक आहेत. दिसले नाही, तर कान देऊन ऐका. डिस्क फिरत नसेल तर विजेची केबल तपासा. फिरत असेल तर डेटाची केबल बदला किंवा दुसऱ्या साटा पोर्टमध्ये लावा. काही मदरबोर्डवर एम.२ खणात एसएसडी असली की एखाद-दुसरा साटा पोर्ट बंद होतो. कोणता, ते मदरबोर्डच्या पुस्तिकेत दिलेले असते.

बायोसमध्ये दिसते आणि This PC मध्ये नाही, म्हणजे काम फक्त विंडोजमध्ये उरले. विंडोजचे बटण आणि R एकत्र दाबून हे टाइप करा:

```
diskmgmt.msc
```

Disk Management उघडताच Initialize Disk अशी चौकट येते आणि MBR की GPT असे विचारते. इथे GPT निवडा. MBR या जुन्या पद्धतीला अशा डिस्कवर २०४८ जीबीच्या पुढची जागा वापरताच येत नाही. ती निवडली तर आपल्या डिस्कवरची सुमारे १६७८ जीबी जागा वाया जाईल. मग खाली Unallocated लिहिलेल्या पट्टीवर उजवी क्लिक करून New Simple Volume घ्या, NTFS ठेवा, एक अक्षर द्या आणि Quick Format होऊ द्या. आता डिस्क This PC मध्ये येते. तिथे ४ टीबीऐवजी ३.६३ टीबी दिसेल. कंपनी हजाराच्या पटीत मोजते आणि विंडोज १०२४ च्या, एवढाच तो फरक. जागा कुठेही गेलेली नाही.

हे सगळे कोऱ्या डिस्कसाठी. जुन्या संगणकातली, फोटो असलेली डिस्क जोडली आणि हीच Initialize Disk ची चौकट आली, तर Cancel दाबा. भरलेली डिस्क विंडोजला कोरी वाटते आहे, म्हणजे तिच्यावरची आखणी वाचता येत नाही. संगणक बंद करून केबल आणि पोर्ट बदलून पाहा. तरीही तेच घडले, तर तिच्यावर काहीही न लिहिता ती डेटा परत मिळवून देणाऱ्या जाणकाराकडे न्या. याउलट, जुनी डिस्क Disk Management मध्ये Offline दिसत असेल किंवा तिला फक्त अक्षर नसेल, तर घाबरू नका. उजवी क्लिक करून Online निवडल्यावर किंवा अक्षर दिल्यावर त्यातला सगळा मजकूर जसाच्या तसा समोर येतो.