एका ग्रॅमचा माग

किराणा दुकानातल्या इलेक्ट्रॉनिक काट्याची वरची स्टीलची थाळी उचलली, तर आत हलणारे असे काहीच दिसत नाही. स्प्रिंग नाही, तरफ नाही. मधोमध ॲल्युमिनियमचा एक जाडसर दांडा असतो. त्याचे एक टोक तळाला बोल्टने आवळलेले आणि दुसरे टोक थाळीच्या चौकटीला. दांड्याच्या मध्यभागी एकमेकांना जोडलेली दोन गोल भोके आरपार कोरलेली असतात आणि त्यांच्या वर-खाली पांढऱ्या रबरी लेपाखाली काहीतरी चिकटवलेले असते. तिथून चार बारीक वायरी निघतात. याला लोडसेल म्हणतात. काट्याचे सगळे वजन याच दांड्यावर तोलले जाते.

भोकांमुळे तिथला धातू मुद्दाम पातळ केलेला असतो, कारण दांडा नेमका तिथेच वाकायला हवा. लेपाखाली असतात स्ट्रेन गेज, म्हणजे प्लॅस्टिकच्या पातळ पापुद्र्यावर नागमोडी वळणांत काढलेली धातूची अतिशय बारीक तार. हा धातू बहुधा कॉन्स्टन्टन, म्हणजे तांबे आणि निकेल यांचा मिश्रधातू. तार ताणली की ती लांब आणि बारीक होते, तिचा विद्युत रोध वाढतो. दाबली गेली की कमी होतो. ताणाने तारेचा रोध बदलतो हे विल्यम थॉमसन, म्हणजे पुढचे लॉर्ड केल्व्हिन, यांनी 1856 मध्ये दाखवले होते. अशी तार धातूवर डिंकाने चिकटवून ताण मोजण्याची युक्ती मात्र 1938 च्या सुमारास अमेरिकेत एडवर्ड सिमन्स आणि आर्थर रूज यांना स्वतंत्रपणे सुचली.

आता 10 किलोचा एक काटा घेऊ आणि त्यावर ठेवलेल्या एका ग्रॅमचा माग काढू. पूर्ण 10 किलो ठेवले की दांड्याचा पृष्ठभाग गेजखाली साधारण हजारात एक भाग ताणला जातो. गेजचा रोध 350 ओहम असेल, तर तो बदलतो 0.7 ओहमने. हे झाले पूर्ण भाराला. एका ग्रॅमला यातला दहा हजारावा वाटा मिळतो, म्हणजे 0.00007 ओहम. साध्या मल्टिमीटरला हा बदल दिसणे शक्यच नाही.

म्हणून रोध थेट मोजतच नाहीत. दांड्यावर चार गेज असतात. वजन पडले की त्यांतले दोन ताणले जातात आणि दोन दाबले जातात. हे चौघे व्हीटस्टन सेतूच्या चार बाजूंना जोडतात. दोन समोरासमोरच्या कोपऱ्यांना 5 व्होल्ट द्यायचे आणि उरलेल्या दोन कोपऱ्यांमधला फरक वाचायचा. वजन नसताना सेतू जवळपास समतोल असतो. वजन ठेवले की चारही गेज मिळून त्याला एकाच दिशेने ढळवतात. याहून मोठा फायदा तापमानाचा. दुपारी दुकान तापले की चारही गेजचा रोध सारखाच सरकतो आणि सेतूत तो बदल एकमेकांना छेदून जातो. माझ्या मते लोडसेलमधली सर्वांत सुंदर गोष्ट हीच आहे.

तरीही सेतूतून पूर्ण भाराला मिळतात फक्त 10 मिलिव्होल्ट. म्हणजे एका किलोला 1 मिलिव्होल्ट आणि एका ग्रॅमला 1 मायक्रोव्होल्ट, व्होल्टचा दहा लाखावा भाग. हे किती नाजूक आहे ते पाहा: कॉन्स्टन्टन आणि तांबे जिथे जोडलेले असतात, तिथे दोन जोडांमध्ये 1 अंश सेल्सिअसचा फरक पडला तरी सुमारे 40 मायक्रोव्होल्ट आपोआप तयार होतात. दांड्याची एक बाजू उन्हाने तापली, तर रिकामा काटाही ग्रॅम दाखवू लागतो.

हा संकेत वाढवावा लागतो. स्वस्त काट्यांत आणि विद्यार्थ्यांच्या प्रकल्पांत त्यासाठी एचएक्स711 नावाची चिप सर्रास वापरतात. ती संकेत 128 पट करते आणि लगेच 24 बिटांच्या आकड्यात बदलते. पण नुसते वाढवून भागत नाही, कारण संकेताबरोबर खरखरही 128 पट होते. घरातल्या 50 हर्ट्झच्या विजेची गुणगुण वायरींत शिरतेच. ती दोन्ही वायरींत जवळजवळ सारखी असते. चिप दोन वायरींमधला फरक तेवढा घेते, म्हणून सामाईक गुणगुण गळून पडते. चिप सेकंदाला 10 वाचने घेण्याच्या सावकाश वेगावर ठेवली, तर उरलेलीही बरीच गाळली जाते. आकडा स्थिरावायला जो क्षणभर लागतो, तो या गाळणीचा.

इथवर काट्याला ग्रॅम ठाऊकच नसतो. त्याच्याकडे नुसते आकडे असतात. समजा, रिकाम्या थाळीला चिप 84,210 दाखवते. मग 5 किलोचे प्रमाणित वजन मधोमध ठेवले आणि आकडा 21,79,710 झाला. फरक 20,95,500, त्याला 5000 ने भागले की एका ग्रॅमला 419.1 आकडे. हे दोन आकडे, शून्याचा आणि ग्रॅममागचा, काट्याच्या स्मृतीत साठवले की कॅलिब्रेशन झाले. पुढे एखाद्या पुड्याला 3,98,535 आले, तर त्यातून 84,210 वजा करून 419.1 ने भागायचे. उत्तर 750 ग्रॅम.

ज्या वजनाने शिकवायचे, ते काट्याहून कितीतरी अचूक हवे. एम1 वर्गाच्या 5 किलोच्या वजनात 250 मिलिग्रॅमपर्यंत चूक चालते. ग्रॅम दाखवणाऱ्या काट्याला ते पुरते. 50 ग्रॅमच्या वजनावर कॅलिब्रेशन करू नये, कारण तिथली अर्ध्या ग्रॅमची चूक 10 किलोला 100 ग्रॅम होते. आधी काटा अर्धा तास चालू ठेवावा, दोन-तीनदा भरपूर वजन ठेवून काढावे आणि मगच शून्य घ्यावे. नंतर 1, 2, 5 किलो चढत आणि उतरत ठेवून पाहावे. चढताना आणि उतरताना आकडे वेगळे आले किंवा वजन काढल्यावर शून्य परत आले नाही, तर आधी सर्किटवर संशय घेऊ नये. बहुतेक वेळा बोल्ट ढिला असतो, नाहीतर थाळीखाली धान्याचा दाणा अडकून भाराचा काही वाटा दांड्याला टाळून परस्पर तळाकडे जात असतो. तेच वजन चार कोपऱ्यांवर ठेवले आणि एखाद्या कोपऱ्यावर वेगळे भरले, तर दोष थाळीच्या बसवण्यात किंवा दांड्यात शोधावा. वजन तसेच ठेवूनही आकडा मिनिटामिनिटाला एकाच दिशेने सरकत असेल, तर गेजचा चिकटा किंवा आत शिरलेला ओलावा कारण असू शकतो.

जुना तराजू दोन पारड्यांतली वस्तुमाने ताडून पाहायचा, म्हणून तो कुठेही नेला तरी तेच सांगायचा. लोडसेल मात्र पृथ्वीची ओढ मोजतो. ही ओढ विषुववृत्तापेक्षा ध्रुवावर सुमारे अर्ध्या टक्क्याने जास्त असते, म्हणजे किलोमागे 5 ग्रॅम. म्हणून अचूक काटा जिथे वापरायचा, तिथेच कॅलिब्रेट करावा लागतो.

व्यापारात वापरायच्या इलेक्ट्रॉनिक काट्याची आपल्याकडे वैध मापन विभागाकडून दरवर्षी पडताळणी करून शिक्का घ्यावा लागतो. भाजी, धान्य किंवा सोने घेताना वस्तू ठेवण्याआधी आकडा शून्यावर आहे ना आणि थाळीला शेजारचे काही टेकलेले नाही ना, एवढे पाहून घ्या. शंका आली, तर पडताळणीचे प्रमाणपत्र मागा.