दुकान हलताना शटरवर काय लिहाल?

पुण्याच्या पेठांमधल्या जुन्या इमारती पुनर्विकासासाठी रिकाम्या होऊ लागल्या, की तळमजल्यावरच्या दुकानांच्या शटरवर कागद दिसू लागतात. ‘दुकान स्थलांतरित होत आहे, नवीन पत्ता लवकरच कळवू’ एवढंच बऱ्याच कागदांवर असतं. पण पत्ता कळवणार कुणाला? हा कागद वाचून गेलेलं गिऱ्हाईक पुन्हा या शटरपाशी येईलच असं नाही. म्हणून नवी जागा पक्की होईपर्यंत कागद लावू नये, आणि लावला की त्यात सगळं असावं.

समजा, सदाशिव पेठेतलं एक शिवणकामाचं दुकान नळ स्टॉपजवळ जाणार आहे. मालकांनी पहिल्यांदा लिहिलं, ‘१४ जूनपासून २२ जूनपर्यंत दुकान बंद राहील.’ वाचायला सोपं, पण १४ तारखेला संध्याकाळी ब्लाउज न्यायला यावं की नाही? २२ तारखेला दुकान उघडं असेल की त्या दिवशीही बंद? मालकाच्या मनात उत्तर स्पष्ट असतं, म्हणून त्यांना ही फट दिसत नाही. ती बुजवायची तर बंद राहण्याचा काळ सांगूच नये, उघडे असण्याचे दोन दिवस सांगावेत. इथे शेवटचा दिवस आणि नव्या जागेतला पहिला दिवस. सोबत वार द्यावा, कारण लोक तारखेपेक्षा वार लक्षात ठेवतात, आणि तारीख लिहिताना चूक झाली असेल तर ती वारामुळे पकडली जाते.

पत्त्याचंही तसंच. ‘कर्वे रस्ता, पुणे ४’ हे टपालासाठी ठीक आहे, पण दुकान शोधायला ते पुरत नाही. गिऱ्हाईक जिथे उतरणार तिथून सुरुवात करावी आणि दुकान रस्त्याच्या कोणत्या बाजूला, कितव्या मजल्यावर आहे ते सांगावं. पहिल्या मजल्यावर असेल तर लिफ्ट आहे का, हेही लिहावं. गुडघे दुखणाऱ्या आजींसाठी ती माहिती पत्त्याइतकीच मोलाची आहे. शेवटी कागद असा झाला:

दुकान कायमचे नवीन जागेत जात आहे
येथे शेवटचा दिवस: रविवार, १४ जून २०२६ (रात्री ८ पर्यंत)
नवीन जागेत सुरू: सोमवार, २२ जून २०२६ (सकाळी १० पासून)
नवीन पत्ता: कर्वे रस्ता, नळ स्टॉप मेट्रो स्थानकापासून चालत ३ मिनिटे, डेक्कनकडे जाताना डाव्या हाताला, तळमजला
शिवायला दिलेले कपडे १४ जूनपर्यंत येथून न्यावेत. राहिलेले २२ जूनपासून नवीन जागेत मिळतील. फोन नंबर तोच आहे.

पहिल्या ओळीतला ‘कायमचे’ हा शब्द मुद्दाम आहे. पुनर्विकासात काही दुकानं नवी इमारत उभी राहिली की परत येतात, काही येत नाहीत. लोकांना ते आधीच कळलं तर बरं. कपड्यांची ओळ तर विसरूच नये. शिंपी, घड्याळ दुरुस्ती, लाँड्री अशा ठिकाणी लोकांच्या वस्तू आत अडकलेल्या असतात. कागद पाहून त्यांच्या पोटात गोळा येतो तो दुकान जातंय म्हणून नव्हे, तर आपली वस्तू कुठे आहे या काळजीने.

हाच कागद फोटो काढून व्हॉट्सॲपवर जातो. फोटोखाली नुसतं ‘आम्ही येतोय नव्या रूपात!’ असं लिहून भागत नाही. फोटो पुढे पाठवताना खालचा मजकूर अनेकदा गळतो, आणि मजकूर कॉपी केला तर फोटो मागे राहतो. म्हणून तारखा आणि पत्ता दोन्हीकडे असावेत. मजकुरात नकाशाची लिंकही द्यावी. कागदावर ती टाइप करत कोण बसणार? स्टेटस चोवीस तासांत निघून जातं, तेव्हा ते दर दोन-तीन दिवसांनी पुन्हा ठेवावं लागतं.

खरी फसगत होते ती उघडण्याच्या तारखेत. फर्निचर, वीजजोडणी, रंग यांतलं काहीतरी लांबतंच. औषधाच्या दुकानाला तर परवाना त्या जागेपुरताच असतो. नव्या जागेचा परवाना हातात आल्याशिवाय एक गोळीही विकता येत नाही, मग तारीख आधी छापून काय उपयोग? शिवणकामाच्या दुकानाने सुतार-वायरमनने सांगितलेल्या दिवसात चार-पाच दिवस मिळवूनच तारीख लिहावी. तरीही ती चुकली, तर सुधारलेला कागद जुन्या शटरइतकाच नव्या दुकानाच्या दारावरही हवा, कारण २२ तारखेला लोक तिथेच पोचणार आहेत. जुन्या शटरवरच्या कागदाचा फार भरवसा धरू नये: बिल्डरने इमारतीभोवती पत्रे ठोकले की तो दिसेनासा होतो. म्हणून १४ तारखेच्या आत नव्या पत्त्याची कार्डं शेजारच्या किराणावाल्याकडे आणि कोपऱ्यावरच्या चहावाल्याकडे देऊन ठेवावीत. चौकशी पहिल्यांदा त्यांच्याकडेच होते.