एका कार्डावर एकच गोष्ट

हृदयरोगाचं प्रकरण वाचताना समजतं, पण महिन्याभरात त्यातले आकडे पुसट होतात. म्हणून वैद्यकीय शाखेचे बरेच विद्यार्थी ‘अँकी’सारखं अ‍ॅप वापरतात. कार्डाच्या एका बाजूला प्रश्न असतो, दुसऱ्या बाजूला उत्तर. उत्तर आलं की तेच कार्ड पुढच्या वेळी आणखी उशिरा समोर येतं. चुकलं की लवकर येतं. मात्र कार्डं कशी केली आहेत, यावर सारं अवलंबून असतं.

एऑर्टिक स्टेनोसिस म्हणजे महाधमनीच्या तोंडाशी असलेली झडप अरुंद होणं. तो तीव्र आहे का, हे इकोच्या तपासणीत मुख्यतः तीन मापांवरून ठरतं: रक्ताचा सर्वाधिक वेग सेकंदाला ४ मीटर किंवा जास्त, झडपेच्या दोन्ही बाजूंमधला सरासरी दाबफरक पाऱ्याच्या ४० मिलिमीटर किंवा जास्त, आणि झडपेचं क्षेत्रफळ १ चौरस सेंटीमीटर किंवा कमी.

हे सगळं एकाच कार्डावर घातलं, ‘तीव्रतेचे निकष सांगा’ असा प्रश्न केला, तर पंचाईत होते. वेग आणि दाबफरक आठवला, क्षेत्रफळ आठवलं नाही. आता बटण कोणतं दाबायचं? ‘चुकलं’ म्हटलं तर पाठ असलेले दोन आकडेही रोज घोकावे लागतात. ‘आलं’ म्हटलं तर विसरलेला तिसरा आकडा कित्येक आठवडे दृष्टीआड जातो. अ‍ॅपला एका कार्डाबद्दल एकच निकाल कळतो, त्यामुळे कार्डावर गोष्टही एकच हवी.

म्हणून तीन कार्डं करायची. पहिल्यावर प्रश्न: ‘एऑर्टिक स्टेनोसिस तीव्र ठरायला रक्ताचा सर्वाधिक वेग किमान किती लागतो?’ उत्तर: ‘सेकंदाला ४ मीटर.’ दाबफरक आणि क्षेत्रफळ यांची कार्डं वेगळी. नुसतं ‘वेग किती?’ असं विचारू नये. महिन्याभराने कोणत्या झडपेचा, कोणत्या अवस्थेतला, हेच कळत नाही.

पण सुटे आकडे पाठ झाले म्हणजे आजार समजला असं नाही. हृदयाचा डावा कप्पा दुबळा असेल तर झडपेतून रक्तच कमी जातं. मग झडप फार अरुंद असूनही दाबफरक ४०च्या खाली राहू शकतो. केवळ आकडा पाठ असलेला विद्यार्थी इथे आजार सौम्य समजेल. त्यासाठी कारण विचारणारं चौथं कार्ड हवं: ‘झडप फार अरुंद असूनही दाबफरक कमी कशामुळे दिसू शकतो?’ उत्तर: ‘झडपेतून जाणारं रक्त कमी असल्यामुळे.’

एखादं कार्ड सारखं चुकत असेल तर ते घोकत बसू नका. बहुतेक वेळा त्यावर दोन गोष्टी असतात, प्रश्न संदिग्ध असतो किंवा मूळ मुद्दा समजलेला नसतो. पुस्तकाचं ते पान पुन्हा वाचा आणि मगच कार्ड नव्याने लिहा.